चांगदेवच्या मंडपातून काढलेला फोटो: ढग गुलाबी आणि खांब काळेठिक्कर. रॉमधून काय परत येईल?

तापीकाठ | रविवार, रात्री 9.40

राम राम मंडळी. गेल्या रविवारी चांगदेवला गेलो होतो. मुक्ताईनगरकडचे लोक ओळखतीलच, तापी-पूर्णेच्या संगमावरचं काळ्या दगडाचं देऊळ. नुकताच पाऊस पडून गेला होता, दगड ओला होता आणि बाहेर कापसासारखे ढग होते. मंडपात उभा राहून खांबांच्या मधून बाहेरचं आकाश धरलं. कॅमेरा निकॉनचा, 24 मेगापिक्सेलवाला, 14 बिट रॉ. एफ 8, 1/60, आयएसओ 100.

घरी डार्कटेबलमध्ये फाइल उघडली तर खांबांवरची नक्षी जेमतेम दिसते आणि ढग पांढरेफट्ट. एका व्हिडिओत सांगितलं होतं की `raw black/white point` मध्ये व्हाइट पॉइंट वाढवला की हायलाइट परत येतात. 14 बिट म्हणजे 16383, म्हणून तेवढा केला. तर ढग गुलाबी झाले! थेट खोबऱ्याच्या वडीसारखे. एक्सपोजर कमी केलं तर गुलाबी आणखी गडद होतं.

रॉमध्ये सगळं असतं असं ऐकत आलोय. मग हे काय आहे?

---

शटरभाऊ_भुसावळ | रविवार, रात्री 10.05

भो, मन्हाबी तेच व्हयनं! मे महिन्यात लग्न होतं, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मांडवात नवरी अंधारात, मागे कनातीच्या फटीतून ऊन. नवरीचा चेहरा नीट आणला तर मागचं सगळं चुन्यासारखं. माझे तर जेपीजी आहेत 1400. ते पण या डार्कटेबलात टाकले तर आकाश येईल का? पार्टी रोज फोन करते.

---

गणिती_अमळनेर | रविवार, रात्री 10.30

तापीकाठ, रॉमध्ये दोन-तीन स्टॉप हायलाइट हमखास परत येतात, काळजी नको. 16383 हा आकडा तुम्ही बरोबर घेतलात, 14 बिटची ती कमाल मर्यादाच आहे. गुलाबी हा व्हाइट बॅलन्सचा घोळ आहे. टिंटचा स्लाइडर हिरव्याकडे ओढा, जाईल.

---

तापीकाठ | रविवार, रात्री 10.52

ओढला. ढग पांढरे झाले, पण देऊळ शेवाळलं. ओला दगड होताच, आता त्याच्यावर शेवाळही उगवलंय.

---

लळिंगचा_बुरुज | सोमवार, सकाळी 6.15

गणिती, तुमचं अर्धं बरोबर आहे. गुलाबी रंगात व्हाइट बॅलन्सचा हात आहेच, पण टिंट ओढून तो सुटणार नाही. आणि 16383 ही रांजणाची उंची झाली, पाणी कुठवर भरतं ते वेगळं. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर त्याच्या जरा खालीच भरून जातो. डार्कटेबलने आपणहून लावलेला व्हाइट पॉइंट त्या खालच्या पातळीचा होता.

तापीकाठ, आधी हे चालवून बघा:

```
exiftool -WB_RBLevels DSC_0412.NEF
```

फाइलचं नाव तुमचं घाला. उन्हात काढलेल्या फोटोला साधारण लालला 2 आणि निळ्याला दीडच्या आसपास गुणक येतील, शेवटचे दोन 1 म्हणजे हिरवा. सेन्सरवर हिरवा रंग सगळ्यात जास्त पकडला जातो, म्हणून लाल आणि निळ्याला गुणून त्याच्या बरोबरीला आणतात. आता ढगाच्या जागी तिन्ही रंग भरून वाहिले असतील, तर फाइलमध्ये तिघांचा आकडा सारखाच असणार. त्या सारख्या आकड्यांना गुणलं की लाल 2, हिरवा 1, निळा दीड. हिरवा मागे पडला की उरतो गुलाबी. ढग गुलाबी नव्हता, गुणाकार गुलाबी आहे.

एरवी डार्कटेबल ही भानगड आपल्याला दिसूच देत नाही. `highlight reconstruction` हा भाग व्हाइट पॉइंटला टेकलेले पिक्सेल शोधतो आणि त्यांना दुरुस्त करतो. तुम्ही व्हाइट पॉइंट 16383 वर नेला, त्यामुळे भरलेला एकही पिक्सेल त्याला भरलेला वाटेना. चोराला टोपी घातली आणि शिपायाने सलाम ठोकला.

तो आकडा होता तसा करा. मग डार्करूममध्ये फोटोच्या खाली बारीक चौकटींचं एक बटण आहे, रॉमधला ओव्हरएक्सपोजर दाखवणारं. ते दाबून ढगांवर कुठल्या रंगाचे ठिपके दिसतात ते सांगा. बाजूच्या हिस्टोग्रामवर जाऊ नका, तो सगळ्या प्रक्रियेनंतरचा असतो.

शटरभाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. जेपीजीत 255 झालं तिथे खाली काही शिल्लक नसतं. चेहरे थोडे उचला आणि मागचं पांढरं राहू द्या, लग्नाच्या अल्बमात ते कोणी बघत नाही.

---

शटरभाऊ_भुसावळ | सोमवार, सकाळी 8.20

वरमाय बघते ना बाप्पा.

---

तापीकाठ | सोमवार, रात्री 9.15

बुरुजकाका, गुणक आले 1.96 आणि 1.41. व्हाइट पॉइंट मूळ जागी नेल्यावर गुलाबी गेलं.

बटण दाबलं. मधल्या मोठ्या ढगावर तिन्ही रंगांचे ठिपके, गच्च. कडेला जिथे निळसर आकाश आहे तिथे फक्त हिरवे, मध्ये मध्ये थोडे निळे. `highlight reconstruction` मध्ये पद्धती बऱ्याच आहेत. `inpaint opposed` आधीच लागलेली होती. कडेचं आकाश तिने बरं आणलं, पण मधला ढग पांढरा थापा तो थापाच. पद्धत बदलून ढग येईल का?

---

लळिंगचा_बुरुज | सोमवार, रात्री 10.00

नाही. एकटा हिरवा भरला असेल तर शेजारच्या लाल-निळ्यावरून त्याचा अंदाज बांधता येतो, म्हणून कडेचं आकाश आलं. तोही अंदाजच, पण निळसर आकाशात फार चुकत नाही. तिन्ही भरले तिथे अंदाज कशावरून बांधणार? `guided laplacians` कडेकडून रंग आत ओढून आणेल, लहान डागाला ते पुरतं. ढग मोठा असला की नुसता पुसट डाग मिळतो आणि संगणक घामाघूम होतो.

गणितींचे दोन-तीन स्टॉप इथूनच आले असावेत. जेपीजीत जळालेलं दिसतं त्यातलं थोडं रॉमध्ये शाबूत असतं, कारण जेपीजी आधी कडेला पोहोचतो. तो फरक कधी अर्धा स्टॉप, कधी एक, कॅमेरा आणि पिक्चर कंट्रोल बघून. हमखास तीन म्हणू नका.

याच जागेवरून दुसरा फोटो काढला होता का? गडद आला म्हणून सोडून दिलेला?

---

तापीकाठ | सोमवार, रात्री 10.20

एक होता, 1/250 चा. पडद्यावर नुसता अंधार दिसला म्हणून कॉम्प्युटरवर घेतल्यावर डिलीट केला. थांबा, कचरापेटी बघतो.

---

तापीकाठ | सोमवार, रात्री 10.31

आहे! कचरापेटी रिकामी करायचा आळस पहिल्यांदा कामाला आला. ठिपक्यांचं बटण दाबलं, मोठ्या ढगाच्या एका उजळ कडेवर थोडे हिरवे ठिपके, बाकी काही नाही. पण खांब म्हणजे डांबर.

---

केळीबाग_रावेर | मंगळवार, दुपारी 1.10

मध्ये बोलते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तीन फोटो काढायचे ना. आम्ही केळीच्या बागेत तसंच करतो. पानांखाली भर दुपारी संध्याकाळ असते आणि वर आभाळ भट्टीसारखं. दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन काढायचे, शटर बदलायचं, एफ नंबर आणि आयएसओ तसेच ठेवायचे, मग जोडायचे. सावली एकातून, आभाळ दुसऱ्यातून.

फक्त वारा असला की पानं तीन जागी दिसतात. मागच्या वर्षी घडाचा फोटो केला, तर एका पानाला तीन शेपट्या. व्यापाऱ्याने विचारलं, ताई हे कुठलं नवीन वाण?

---

लळिंगचा_बुरुज | मंगळवार, दुपारी 2.00

ताई, ट्रायपॉड असेल तर तुमचं बरोबर. पण चांगदेव पुरातत्त्व खात्याकडचं संरक्षित देऊळ आहे. अशा जागी ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते. हातात धरून काढलेले तीन फोटो डार्कटेबलमधलं एचडीआर जोडणं जुळवून घेत नाही, एकावर एक तसेच ठेवतं. एचडीआरमर्ज थोडं सरकलेलं जुळवतं, पण हात वळला असेल तर तेही हात टेकतं.

आणि इथे गरजही दिसत नाही. आताच्या बऱ्याच सेन्सरवर आयएसओ 100 ला कमी प्रकाशात काढलेला रॉ घरी दोन-तीन स्टॉप उचलला तर चालतो. जुन्या काही कॅमेऱ्यांत तेवढं उचललं की सावलीत आडव्या-उभ्या पट्ट्या उठायच्या, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. मी 1/250 चा एकच फोटो घेऊन बसेन.

---

केळीबाग_रावेर | मंगळवार, दुपारी 2.25

खांबाला टेकून श्वास रोखून काढले तर माझे तरी जुळतात. आणि तीन फोटोंची सावली स्वच्छ येते ती येतेच, एकाच फोटोच्या उचललेल्या सावलीत रवा दिसतोच की.

---

लळिंगचा_बुरुज | मंगळवार, दुपारी 2.40

दिसतो, ते मान्य.

---

तापीकाठ | मंगळवार, रात्री 9.30

1/250 वाला घेतला. `exposure` मध्ये 2 स्टॉप वाढवले, खांब दिसायला लागले. आकाश परत उजळलं, पण जळालं नाही, कारण `sigmoid` लावलं होतं. मात्र ढग अगदी सपाट, भिजलेल्या पांढऱ्या चादरीसारखे. फाइलमध्ये तर त्यांचे पदर दिसत होते. ते गेले कुठे?

---

लळिंगचा_बुरुज | मंगळवार, रात्री 10.45

गेले नाहीत, दाबले गेले. हे एकदा आकड्यांत बघून घ्या. `sigmoid` चं गणित वेगळं आहे, पण स्वभाव समजायला हे सगळ्यात साधं टोन मॅपिंग पुरे:

```
L / (1 + L)
```

समजा ओला खांब 0.02 आहे, ढगाची सावलीतली बाजू 0.5 आणि उजळ बाजू 1. म्हणजे ढगाच्या दोन बाजूंत दुपटीचा फरक. तुम्ही 2 स्टॉप वाढवले, म्हणजे सगळ्यालाच 4 ने गुणलं. खांब 0.08, ढग 2 आणि 4. आत गणित चालू असताना 1 च्या वर गेलेलं काही फेकलं जात नाही, म्हणून आकाश जळालं नाही.

आता सूत्रातून काढा. खांब 0.074, जवळपास होता तिथेच. ढग 0.67 आणि 0.8. दुपटीचा फरक होता, तो उरला 1.2 पट. पडद्यात बसवायला ढगांना चेपलं आणि त्यांचे पदर त्यात मिटले. ही तुमची चादर.

आणखी एक बघा, सावली उचलली ती एक्सपोजरने. टोन मॅपिंगने तिला हातही लावला नाही, त्याने वरचं वाकवून आत बसवलं फक्त. लोक टोन मॅपिंगचा स्लाइडर ओढून सावली उजळवायला जातात आणि सगळा फोटो राखेसारखा करून ठेवतात.

म्हणून आकाश आधी एकगठ्ठा खाली आणायचं. समजा ढगाचा सगळा भाग दीड स्टॉपने उतरवला. 2 आणि 4 चे झाले 0.71 आणि 1.41. सूत्रातून 0.41 आणि 0.59. फरक 1.4 पट. दुप्पट नाही, पण पदर दिसतील. हे काम `tone equalizer` चं. तो आधी फोटोची एक धूसर प्रत मनात धरतो, तिच्यात जो भाग उजळ तो सगळा एकत्र उतरवतो किंवा चढवतो, आणि त्या भागाच्या आतला बारीक फरक तसाच राहू देतो.

---

जुना_रोलवाला | मंगळवार, रात्री 11.20

वाचतोय गुपचूप. एक सांगू का? चांगदेवच्या मंडपात मी स्वतः उभा राहिलोय. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पाच मिनिटं काही दिसत नाही आणि मग हळूहळू नक्षी उमटते. त्या दगडाची मजाच ती. तुम्ही खांब दिवाळीसारखे उजळवून ठेवलेत तर ते देऊळ राहील का? आम्ही रोलवर काढायचो तेव्हा सावली सावली असायची.

---

तापीकाठ | मंगळवार, रात्री 11.35

काका, तुम्हीच म्हणता पाच मिनिटांनी नक्षी दिसते. मला ती पाच मिनिटांनंतरची पाहिजे.

---

जुना_रोलवाला | मंगळवार, रात्री 11.40

हं. हे बरं बोललास.

---

तापीकाठ | बुधवार, रात्री 9.50

`tone equalizer` लावला. उजवीकडचे दोन बिंदू (0 आणि -1) दीड स्टॉप खाली, डावीकडे -5 आणि -6 एक स्टॉप वर. ढगांचे पदर आले. काय ढग होते राव त्या दिवशी!

पण नवीन दुखणं. खांबाच्या कडेने आकाशात उजळ पट्टा आलाय, खांबाने ट्यूबलाइट गिळल्यासारखा. आणि खांबाच्या आतल्या बाजूला कडेलाच काळी किनार.

---

गणिती_अमळनेर | बुधवार, रात्री 10.10

हा लेन्सचा दोष. क्रोमॅटिक अॅबरेशन. लेन्स करेक्शन लावा.

---

लळिंगचा_बुरुज | बुधवार, रात्री 10.40

गणिती, लेन्सची किनार जांभळी-हिरवी असते आणि एक-दोन पिक्सेलची. हा पट्टा रुंद आणि बिनरंगी आहे, तापीकाठच्या वर्णनावरून तरी.

ही त्या धूसर प्रतीची करणी. खांबाला लागून जे आकाश आहे तिथे प्रतीत खांब आणि आकाश मिसळले, म्हणून ते आकाश कमी उजळ समजलं गेलं आणि पुरेसं उतरलं नाही. तो तुमचा ट्यूबलाइट. खांबाच्या कडेला उलटं, ती उजळ समजली गेली म्हणून चढलीच नाही. ती काळी किनार.

`masking` चा भाग उघडा आणि तिथला मास्क पडद्यावर दाखवायचं बटण दाबा. काळ्या-पांढऱ्यात खांबाची कड सरळ दिसली पाहिजे, आणि खांबाच्या आतली नक्षी मात्र पुसलेली. कड लोण्यासारखी पसरली असेल तर `edges refinement/feathering` वाढवा, मास्क कडेला जास्त चिकटून बसतो. फार वाढवलंत तर नक्षीही मास्कमध्ये उतरेल आणि खांब मग भरताच्या वांग्यासारखा सपाट होईल, मध्येच कुठेतरी थांबा. त्यानंतर `mask exposure compensation` आणि `mask contrast compensation` शेजारच्या जादूच्या कांड्या त्याच क्रमाने दाबा. मास्कचा सगळा पसारा त्या नऊ बिंदूंच्या मध्ये पसरला पाहिजे. तुमचा बहुतेक डावीकडे गोळा होऊन बसला असेल, म्हणून एक बिंदू हलवला की अर्धा फोटो हलतो.

आणि दीड स्टॉपवरून एकवर या. पट्टा त्या फरकाच्या प्रमाणात दिसतो.

---

तापीकाठ | गुरुवार, रात्री 9.20

गोळा होऊनच बसला होता. कांड्या दाबल्या, पसरला. फेदरिंग वाढवलं, आकाश एक स्टॉपवर आणलं. डावीकडच्या खांबांचा पट्टा गेला. उजवीकडच्या जाड खांबाला अजून बारीक आहे, मोठं केल्यावरच दिसतो.

सावलीचं केळीताई म्हणाल्या तसंच झालं. 2 आणि 1, मिळून 3 स्टॉप उचललेल्या कोपऱ्यात रवा आणि जांभळट डाग. `denoise (profiled)` लावल्यावर डाग गेले, रवा थोडा राहिला.

---

केळीबाग_रावेर | गुरुवार, रात्री 9.45

म्हटलं होतं ना.

---

लळिंगचा_बुरुज | गुरुवार, रात्री 10.05

म्हटलं होतं ताई.

तापीकाठ, त्या कोपऱ्यात मुळात प्रकाशच थोडा पोहोचला, तो घरी बसून कोणी वाढवू शकत नाही. -6 चा बिंदू पुन्हा शून्यावर आणा, कोपरा अंधारात राहू द्या. रोलवाले काकाही खूश होतील.

पुढच्या वेळी जाल तेव्हा मीटर आकाशावर धरा. 1/60 आलं ते मीटरने समोरचा काळा दगड धरला म्हणून. कॅमेऱ्यात पिक्चर कंट्रोल फ्लॅट ठेवा, म्हणजे मागच्या पडद्यावर लुकलुकणारा जळाल्याचा इशारा रॉच्या जरा जवळ येईल. तो इशाराही जेपीजी बघूनच येतो. ढगाच्या एखाद्या कडेवर लुकलुकलं तर घाबरू नका, अख्खा ढग लुकलुकला तर शटरचा वेग वाढवा.

---

शटरभाऊ_भुसावळ | गुरुवार, रात्री 10.30

मी पण आता रॉ चालू केला. काल साखरपुडा होता, 64 जीबीचं कार्ड जेवणावळीच्या आधीच भरलं. शेवभाजीचा एक फोटो नाही.

---

जुना_रोलवाला | शुक्रवार, सकाळी 7.00

बुरुज, तुमचा तो कडेच्या आकाशाचा अंदाज मनातून जात नाही. 1/60 च्या फोटोत जे निळं आलं ते सेन्सरने बघितलेलं नव्हतं, प्रोग्रामने शेजाऱ्याला विचारून भरलं. त्याला फोटो म्हणायचं का?

---

लळिंगचा_बुरुज | शुक्रवार, सकाळी 7.40

काका, एरवीही प्रत्येक पिक्सेलवर एकच रंग मोजला जातो, बाकीचे दोन शेजाऱ्यांना विचारूनच भरतात. पण तिथे शेजारी बघून सांगतो आणि इथे त्यालाही पूर्ण दिसलेलं नसतं, हा फरक आहे खरा. म्हणून मी 1/250 वाला घेतला. तरी कडेला थोडे हिरवे ठिपके त्यातही आहेतच.

---

तापीकाठ | शुक्रवार, रात्री 9.00

-6 शून्यावर आणला. कोपरा काळा, नक्षी समोरच्या दोन खांबांवर स्वच्छ, ढगांचे पदर शाबूत. उद्या मोठा प्रिंट काढायला टाकतोय. पट्टा प्रिंटवर दिसला तर इथेच येऊन रडेन.

काका, रविवारी परत चांगदेवला जाणार आहे. येताय का?

---

जुना_रोलवाला | शुक्रवार, रात्री 9.25

येतो. पण रोल घेऊन येईन.